सातव्या महिन्यात हिमोग्लोबिन का उतरते?

प्रश्न : आमच्या जाऊबाईंना आठवा महिना लागत आहे. लग्नानंतर तपासले तेव्हा हिमोग्लोबिन 12.5 होते, आता 11.1 आले. लोहाच्या गोळ्या एकही दिवस चुकवलेल्या नाहीत. जिना चढला की छातीत धडधडते. रक्त जाते तरी कुठे?

उत्तर : ताई, रक्त कुठेही गेलेले नाही, उलट ते वाढलेले आहे. बीड जिल्ह्यात परिचारिका म्हणून काम करताना हा प्रश्न मला वारंवार विचारला गेला, म्हणून हिशेबच मांडते.

समजा, गरोदरपणापूर्वी अंगात 4 लिटर रक्त होते : अडीच लिटर पाण्यासारखा द्रव आणि दीड लिटर तांबड्या पेशी. हिमोग्लोबिन 12.5 म्हणजे प्रत्येक 100 मिलिलिटरमध्ये 12.5 ग्रॅम, म्हणून एकूण 500 ग्रॅम. बत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास द्रव जवळजवळ निम्म्याने वाढून 3.6 लिटर होतो, पेशी मात्र सुमारे पाचव्या हिश्श्याने वाढून 1.8 लिटर होतात. आता रक्त 5.4 लिटर आणि हिमोग्लोबिन 600 ग्रॅम आहे. भागाकार केला की 11.1 येते. म्हणजे शंभर ग्रॅमची भर पडूनही अहवालातला आकडा उतरतो. आपल्याकडे पुरणाच्या कटात पाणी वाढवून येळवणी केली की डाळ तेवढीच असूनही चव पातळ लागते; इथे तर डाळही थोडी वाढलेली आहे.

गोळ्या घेतल्या नसत्या आणि पेशी दीड लिटरच राहिल्या असत्या, तर 500 ग्रॅम 5.1 लिटरमध्ये पसरून आकडा 9.8 वर आला असता. त्यामुळे गोळ्यांचा उपयोग झाला नाही असे समजू नका. मात्र 11 च्या खाली गेलेला आकडा केवळ पातळपणाच्या नावावर खपवू नये. शेवटच्या तीन महिन्यांत तो रक्तक्षयच धरतात.

धडधडीचे कारणही याच वाढलेल्या रक्तात आहे. पूर्वी मिनिटाला 70 ठोके आणि प्रत्येक ठोक्याला 70 मिलिलिटर, म्हणजे सुमारे 4.9 लिटर रक्त हृदय पुढे ढकलत असेल, तर आता 85 ठोके आणि 80 मिलिलिटर धरून ते 6.8 लिटर होते. बसून असतानाही हृदय इतके काम करत असल्याने जिन्यासाठी शिल्लक ताकद कमी उरते. उताणे झोपल्यावर गर्भाशय मोठ्या शिरेवर दाबते आणि भोवळ येते. कुशीवर वळले की बरे वाटते.

परंतु सपाट झोपल्यावर दम लागणे, रात्री गुदमरून उठणे, स्वस्थ बसूनही धाप न थांबणे, चक्कर येऊन पडणे किंवा छातीत दुखणे, यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे. लहानपणी सांधे सुजणारा ताप येऊन हृदयाची झडप अरुंद झालेली बाई एरवी शेतात निंदणी-खुरपणी करत असते आणि पहिली धाप तिला नेमकी याच महिन्यांत लागते, कारण अरुंद दारातून दीडपट रक्त जात नाही आणि ते फुप्फुसात तुंबते. जाऊबाईंना असा ताप कधी आला होता का, हे त्यांच्या आईला विचारून डॉक्टरांना सांगा. बाळंतपण झाल्यावर आकसलेल्या गर्भाशयातले रक्त एकदम अंगात परतते, म्हणून अशा बाईला पहिला दिवसभर नजरेखालीच ठेवावे लागते.