‘उसळी’च म्हणा, ‘पुन्हा वाढला’ नको

प्रश्न : वडिलांच्या डिस्चार्ज कार्डावर ‘रिबाऊंड हायपरटेन्शन’ लिहिलंय. याला मराठीत ‘बीपी पुन्हा वाढला’ म्हटलं तर चालेल का?

मला ते पुरेसं वाटत नाही. गोळ्या सोडल्या की बहुतेकांचा बीपी दिवसागणिक हळूहळू जुन्या जागी परततो, त्याला ‘पुन्हा वाढला’ शोभतं. क्लोनिडिन या बीपीच्या गोळीचं तसं नाही. ती एकदम थांबली तर बीपी जुनी पातळी ओलांडूनही वर जाऊ शकतो, तोही एक-दोन दिवसांत. म्हणून मी ‘उसळी’ म्हणेन, किंवा ‘उसळलेला रक्तदाब’.

समजा, रावेरचे एक आजोबा क्लोनिडिन १०० मायक्रोग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा घेतात. गोळी सुरू होण्याआधी बीपी १७०/१००, आता १४०/८६. शुक्रवारी रात्रीची गोळी घेऊन ते धुळ्याला लग्नाला गेले आणि पाकीट घरीच राहिलं. शनिवारी काही जाणवलं नाही. रविवारी सकाळी डोकं ठणकू लागलं, छातीत धडधड, घाम, हात थरथरायला लागले. मोजला तर २१०/१२०. अशी लक्षणं शेवटच्या गोळीनंतर साधारण १८ ते ७२ तासांत दिसतात. घरचे म्हणतील ‘लग्नातलं तेलकट बाधलं’, म्हणून डॉक्टरांनी ‘कोणती गोळी सुटली?’ हे आधी विचारायला हवं.

उसळी का येते? क्लोनिडिन रक्तवाहिन्यांवर नव्हे, मुख्यतः मेंदूच्या बुडाशी काम करते. तिथून हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना जाणारे ‘आवळा, जोरात चाला’ हे संदेश ती कमी करते. ती अचानक गेली की दाबून ठेवलेले संदेश एकदम सुटतात आणि वाहिन्या आवळणारं नॉरअ‍ॅड्रेनलिन हे संप्रेरक रक्तात भरतं. डोस मोठा असेल, किंवा सोबत प्रोप्रॅनोलॉलसारखं बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके मंदावणारं औषध, चालू असेल, तर धोका वाढतो. कारण बीटा ब्लॉकर वाहिन्या सैल करणारी वाट अडवतो आणि आवळणारी वाट मोकळी राहते. दोन्ही बंद करायची असतील तर डॉक्टर आधी बीटा ब्लॉकर उतरवतात, काही दिवसांनी क्लोनिडिन. उसळी आलीच तर रुग्णालयात बहुधा क्लोनिडिनच पुन्हा सुरू करतात.

आपल्या खानदेशात ‘गोई सुटनी’ म्हणतात, ते इथे नेमकं बसतं : ‘सुटली’ म्हणजे नकळत चुकली. डॉक्टरांनी ठरवून केलं तर ‘बंद केली’. आणि डोस थोडा थोडा कमी करत नेला तर ‘उतरवत आणली’. कार्डाच्या मराठीत हे तीन वेगळे ठेवा, कारण उपचार त्यावर ठरतो.

गरोदरपणात दिली जाणारी मिथाइलडोपाही मेंदूतूनच काम करते, पण तिच्यात उसळी क्वचित दिसते. हायड्रॅलझिन ही बीपीची आणखी एक गोळी थेट रक्तवाहिन्या सैल करते. ती घेताना नाडी धावते, अंगात पाणी साठतं, पण ती गोळी चालू असतानाची प्रतिक्रिया आहे. तिला ‘उसळी’ म्हणू नये.