तांब्याच्या पट्ट्या पाण्यात गेल्या की ५५५ बंद का पडतो?

प्रश्न: सांगलीत डिप्लोमाला आहे. दोन तांब्याच्या पट्ट्या आणि ५५५ टायमर वापरून पातळी मोजतोय. कोरड्या पट्ट्यांवर फ्रिक्वेन्सी मिळते, नळाच्या पाण्यात बुडवल्या की आउटपुट हायवरच अडकतं. का?

उत्तर: पट्ट्या उघड्या आहेत म्हणून. नळाचं पाणी वीज वाहून नेतं, त्यामुळे पट्ट्यांमध्ये काही किलोओहमचा रस्ता तयार होतो. तुमचा चार्जिंग रेझिस्टर १ मेगओहमच्या आसपास असेल, तर कपॅसिटरचा व्होल्टेज Vcc च्या दोन-तृतीयांशापर्यंत चढतच नाही आणि ५५५ पलटत नाही. दोन्ही पट्ट्यांवर हीट श्रिंक नळी चढवा आणि खालचं टोक एपॉक्सीने बंद करा. बहुतेकांची गळती तिथेच असते. नंतर पट्ट्या पाण्यात ठेवून, सर्किटपासून सोडवून, मल्टिमीटरने रेझिस्टन्स बघा. काहीही आकडा दिसला तर सील फुटलंय.

आता इन्सुलेशन हाच डायइलेक्ट्रिक, आणि कपॅसिटन्स भिजलेल्या लांबीच्या प्रमाणात वाढतो.

```
f = 1.44 / ((R1 + 2*R2) * C)
```

R1 १० किलोओहम, R2 १ मेगओहम धरा. वायरींचा स्ट्रे कपॅसिटन्स धरून रिकाम्यात C ५० पिकोफॅरड असेल तर सुमारे १४.३ किलोहर्ट्झ, भरल्यावर २५० झाला तर २.९. ग्राफ मात्र फ्रिक्वेन्सीचा नको, पीरियडचा काढा. सरळ रेष तोच देतो. एवढ्या मोठ्या रेझिस्टरला सीमॉस ७५५५ बरा.

हे सगळं पाण्यापुरतं. शेंगतेलात उघड्या पट्ट्याही चालतात, पण तिथे बदल जेमतेम तिप्पट, आणि लांब वायरींचा स्ट्रे तोही झाकून टाकतो.