लगोरी फुटते पण रचून होत नाही: नेम, रचणी आणि फाउल

प्रश्न: "राम राम भाऊ. अमळनेरजवळच्या आमच्या गावात सुट्टीत पोरं जमतात, सात-सात जणांच्या दोन टीम होतात. आमची टीम लगोरी पहिल्या-दुसऱ्या फेकीतच फोडते, पण रचून होण्याआधी कोणीतरी चेंडू खातंच. वर फाउलवरून रोज भांडण. नेमकं काय चुकतंय?"

राम राम. पहिल्या-दुसऱ्या फेकीत फुटते म्हणजे तुमचा नेम चांगला आहे. बहुतेक चूक इथेच आहे की तुम्ही लगोरी जोरात आणि खालून फोडता. बघणाऱ्यांना सातही दगड उधळलेले आवडतात, पण नंतर ते सातच्या सात वेचायचे तुम्हालाच असतात. लगोरीत फेक आणि रचणी या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. फेक कशी बसली त्यावर रचायला किती वेळ मिळणार हे ठरतं.

दगड साधारण दीड बोट जाडीचे असतील तर सातांची चळत वीतभर होते. टेनिसचा चेंडू साडेसहा सेंटिमीटरचा, म्हणजे तो एका वेळी दोन-अडीच दगडांना भिडतो. हा चेंडू तळाच्या दोन दगडांवर बसला तर वरच्या पाचांचं वजन त्याला अडवतं. चळत जागच्या जागी कोसळते, दगड एकमेकांवर आपटून चारी बाजूंना जातात आणि चेंडूचा जोर तिथेच संपतो. तो लगोरीच्या आसपास घोटाळतो किंवा उलटा तुमच्याच रेघेकडे येतो. म्हणजे दगड लांब आणि चेंडू जवळ, तुमच्यासाठी याहून वाईट काही नाही.

तोच चेंडू खालून पाचव्या आणि सहाव्या दगडाच्या सांध्यावर बसू द्या. वरचे तीन दगड हलके आणि लहान असतात. ते उडून लगोरीच्या मागे हात-दोन हातांवर पडतात, खालचे चार जागेवर राहतात आणि चेंडूचा जोर फारसा कमी न होता तो पार मागे निघून जातो. मागच्या गड्याने तो अडवून परत आणेपर्यंत तुम्हाला फक्त तीन दगड ठेवायचे असतात. हात बसलेल्या पोराला एका दगडाला सेकंद-दीड सेकंद पुरतो, म्हणजे चार-पाच सेकंदांचं काम. सातही पडले तर त्याला दुप्पट-तिप्पट वेळ लागतो, कारण लहानमोठा दगड शोधण्यातच निम्मा वेळ जातो.

वरचा नेम साधायचा तर हात खांद्यावरून फिरवू नका. खांद्यावरून फेकलेला चेंडू खाली उतरत येतो आणि जरा चुकला की तळाशी बसतो. कमरेच्या बाजूने, हात जमिनीला समांतर ठेवून फेका. गुडघे वाकवून अंग खाली घेतलं की चेंडू जवळजवळ सपाट जातो. काही पोरं लगोरीच्या हातभर आधी टप्पा पाडतात. टप्पा खाऊन चेंडू वर चढतो आणि वरच्या दगडांना लागतो, युक्ती चांगली आहे. पण उन्हाळ्यात काळ्या मातीच्या मैदानाला भेगा पडलेल्या असतात, भेगेच्या काठावर टप्पा पडला की चेंडू कुठेही जातो. झाडून, सडा टाकून दाबलेल्या अंगणातच ती वापरा. जोर मात्र कमी करू नका. हळू फेकलेला चेंडू वरचे दगड पाडेल, पण मागच्या गड्याच्या हातात आयता जाऊन पडेल.

यावरून टीममध्ये कोणाला काय काम द्यायचं तेही ठरतं. फेकणाऱ्याची पाळी फिरते, ती प्रत्येकाला मिळू द्या. रचणारे मात्र दोनच ठेवा, आणि ते आधीच ठरवा. सात जण एकदम लगोरीवर धावले की एकमेकांचे हात लागून रचलेली पडते, आणि समोरच्याला नेम धरायला एकाच जागी सात जण मिळतात. दोघांपैकी एक रचतो, दुसरा पडलेले दगड त्याच्या पायापाशी सरकवतो आणि चेंडू कुठे आहे ते ओरडून सांगतो, "डावीकडे", "आला", "लांब आहे". पहिल्यावर चेंडू येतोय असं दिसलं की तो पळतो आणि दुसरा रचायला घेतो. उरलेल्यांचं काम हूल देण्याचं. त्यांनी चेंडूवाल्याच्या समोरून, पण त्याच्या नेमाच्या टप्प्याबाहेरून पळत राहायचं, अधूनमधून लगोरीकडे वळायचं आणि परत फिरायचं. त्याने एकदा जरी हूल देणाऱ्यावर चेंडू मारला आणि तो चुकला, तरी रचणाऱ्याला चेंडू परत येईपर्यंत मोकळीक मिळते.

रचताना गुडघा टेकू नका आणि बूड टेकून तर अजिबात बसू नका. एक पाय पुढे, एक मागे ठेवून कमरेत वाकलं की एका उडीत बाजूला होता येतं. दगड उचलण्याआधी उभ्या राहिलेल्या चळतीकडे एकदा बघा. वरचे उडताना चौथा दगड बहुतेक वेळा मागे सरकलेला असतो. त्याला तळहाताने सरळ केल्याशिवाय पाचवा ठेवला तर सहाव्याला सगळं घसरतं, आणि पोरांना वाटतं की सहावा दगड वाईट आहे. दोन दगड एकमेकांवर तसेच पडले असतील तर वेगळे न करता जोडीनेच उचला. शेवटचा दगड ठेवताना हात बाजूला ओढू नका, सरळ वर उचला. पूर्ण झालेली लगोरी सर्वात जास्त याच क्षणी पडते.

आता दगडांकडेही बघा. तापी, गिरणा, पांझरेच्या पात्रातले गोटे दिसायला गुळगुळीत, पण त्यांना पोट असतं आणि पोटावर ठेवलेला दगड डुलतो. कौलाचे तुकडे वाकडे आणि हलके. सर्वात चांगले शहाबादी फरशीचे तुकडे, कारण त्या दगडाचे थर असतात आणि दोन्ही बाजू सपाट मिळतात. बांधकामाजवळ तुकडे पडलेले असतात, विचारून घ्या. तळाचा पसरलेल्या तळहाताएवढा, वरचा बिस्किटाएवढा आणि मधले क्रमाने उतरते असू द्या. धारदार कडा खरबरीत दगडावर घासून बोथट करा, नाहीतर घाईत बोटं कापतात. प्रत्येक दगड सपाट फरशीवर ठेवून चारही कडांना बोटाने दाबून बघा. खटखट वाजला तर तो बदला. खडूने किंवा कोळशाने प्रत्येकावर एक ते सात आकडे टाकले की शोधण्याचा वेळ वाचतो, आणि क्रमाचा वादही उरत नाही.

तुमच्यावर राज्य येतं तेव्हा हेच उलटं वापरा. एक गडी लगोरीच्या मागे आठ-दहा पावलांवर ठेवा, चिकटून नको, कारण वरून लागलेला चेंडू वेगात येतो. दोन तिरक्या बाजूंना, एक फेकणाऱ्याच्या रेघेजवळ उलट्या येणाऱ्या चेंडूसाठी, बाकीचे गोल पसरलेले. मुख्य गोष्ट म्हणजे लांबून मारू नका. चेंडू लगोरीजवळच्या गड्याकडे टाका आणि त्याने पाच-सहा पावलांवरून मारावं. मारणाऱ्याच्या बरोबर समोर, लगोरीच्या पलीकडे आपला एक जण हवाच. चुकलेला चेंडू त्याच्याकडे जातो आणि रचणाऱ्याला पळायला वेळ मिळत नाही.

फाउलचं भांडण बहुतेक नियम आधी न ठरवल्यामुळे होतं, कारण गावागणिक थोडं थोडं वेगळं खेळतात. पहिला मुद्दा झेल. लगोरी न पडता चेंडू पलीकडे गेला आणि थेट किंवा एक टप्पा पडून झेलला, तर फेकणारा बाद, हे बऱ्याच ठिकाणी चालतं. दगड पडले तरी थेट झेल घेतला तर काय, हे मात्र बोलून घ्या. माझं मत, तेव्हाही बाद द्या, म्हणजे मागच्या गड्याला काही काम राहतं. प्रत्येकाला तीन फेकी द्या, आणि फेकताना पाय रेघेपुढे पडला तर ती फेक गेली आणि पडलेले दगड परत रचून ठेवायचे.

चेंडू लागला की सगळी टीम बाद की तो एकटाच? पाचपेक्षा कमी जण असतील तर सगळी टीम बाद ठेवा, डाव आटोपशीर होतो. तुमच्यासारखे सात-सात असतील तर लागला तो एकटा बाहेर, बाकीच्यांनी रचणं चालू ठेवायचं. कमरेच्या वर लागलेला चेंडू धरू नका, डोक्याला तर मुळीच नाही. मुद्दाम वर मारला असं दिसलं तर रचणाऱ्या टीमला एक दगड शांतपणे ठेवू द्या. एवढ्या शिक्षेने मारणारा आपोआप खाली नेम धरतो. रचणारा वाकलेला असताना पाठीला लागला तर वाद होतोच, म्हणून "वाकलेला असेल तर पाठ चालेल, मान आणि डोकं नाही" असं आधीच सांगून ठेवा.

चेंडू हातात घेऊन पळणं हा फाउल सर्वात जास्त दुर्लक्षित होतो. चेंडू हातात आला की जास्तीत जास्त एक पाऊल, मग टाकायचा किंवा मारायचा. हा नियम नसेल तर एकच दांडगा पोरगा चेंडू घेऊन लगोरीवर उभा राहतो आणि खेळ तिथेच थांबतो. त्याच कारणासाठी लगोरीभोवती दोन हातांचं वर्तुळ आखा आणि राज्य असलेल्यांना त्यात पाय टाकू देऊ नका. वर्तुळात चेंडू थांबला तर तो उचलून लगेच बाहेर यायचं. दगडांना मुद्दाम पाय मारणं, दगड लांब फेकणं, त्यावर उभं राहणं हे सरळ फाउल. रचणाऱ्या टीमने चेंडूला हात लावणं किंवा पायाने ढकलणं हाही तेवढाच फाउल, लावणारा बाहेर.

मारलेला चेंडू चुकून अर्धवट रचलेल्या लगोरीला लागला आणि दगड पडले तर खेळ चालू ठेवा. मुद्दाम की चुकून हे कोणी ठरवू शकत नाही, आणि तो चेंडू दगडांना लागून कुठेतरी उडालेला असतो, त्यामुळे रचणाऱ्यांना तेवढा वेळ मिळतोच.

राहिला "आधी लगोरी की आधी चेंडू" हा वाद. यासाठी एकच कसोटी ठेवा. सातवा दगड ठेवून हात पूर्ण सुटलेला हवा, त्यानंतर "लगोरी" ओरडलेलं हवं, आणि ओरडणं संपेपर्यंत चळत उभी हवी. हात दगडावर असताना चेंडू लागला तर बाद. हात सुटला, ओरडून झालं आणि मग वाऱ्याने किंवा धक्क्याने पडली तरी पूर्ण. निर्णय देताना फक्त हाताकडे बघायचं, चेंडूकडे नाही. हे काम त्या डावात बाद होऊन बाहेर बसलेल्या पोराला द्या.