उद्धट की तुटक?

प्रश्न: मी नागपूरच्या मिहानमधल्या एका कंपनीत आहे. जर्मनीतल्या सहकाऱ्याचा काल ईमेल आला: ‘व्हाय इज द रिपोर्ट नॉट कम्प्लीट? सेंड मी द मिसिंग शीट अन्टिल थर्सडे.’ हाय नाही, प्लीज नाही. हे उद्धट म्हणायचं की नुसतं तुटक? उत्तर लिहिण्याआधी कसं ओळखावं?

उत्तर: तुटक. मराठीत इतका नेमका शब्द असताना दोन ओळींच्या प्रत्येक ईमेलला ‘रूड’ म्हणायची सवय आपल्याकडे पसरली आहे आणि ती मला सहन होत नाही. ‘रूड आहे गं तो’ असं एकदा म्हटलं की उद्धट आणि तुटक यांतला फरकच पुसला जातो. खरं तर हे दोन शब्द विरुद्ध दिशांना तोंड करून उभे आहेत.

उद्धट आला संस्कृत ‘उद्धत’वरून. उद् म्हणजे वर, हत म्हणजे मारलेलं. आघाताने वर उसळलेलं ते उद्धत. शाकुंतलाच्या पहिल्या अंकात दुष्यंताच्या घोड्यांनी स्वतःच उडवलेल्या धुळीला हाच शब्द वापरला आहे. कुणाला उद्धटाचं नातं धट्ट्याकट्ट्याशी जोडावंसं वाटेल. मला ते अजिबात पटत नाही, कारण मग सुरुवातीच्या ‘उद्’ला काही कामच उरत नाही, आणि सगळा अर्थ तर त्या ‘उद्’मध्ये आहे: माणूस समोरच्याच्या वर उसळतो. तुटक मात्र तुटण्यातून आलेला शब्द. त्यात काही वर येत नाही, उलट काहीतरी गळून पडलेलं असतं.

आता मला सर्वांत आवडणारी व्युत्पत्ती. तुटक बोलण्याला इंग्रजीत ‘कर्ट’ म्हणतात. तो लॅटिन ‘कुर्तुस’वरून आला, म्हणजे कापून आखूड केलेला. त्याच कुर्तुसवरून जर्मनांनी आपला ‘कुर्त्स’ घेतला. पण जर्मनमध्ये कुर्त्स म्हणजे साधा आखूड किंवा थोडक्यात: आखूड बाही, आखूड विजार, थोडक्यात बातमी. राग चिकटला तो इंग्रजीतल्या भावंडाला. आणखी मागे गेलं तर हे घराणं ‘कापणे’ या अर्थाच्या ज्या मूळ धातूपाशी पोचतं, त्यातूनच संस्कृतातलं कर्तन आणि कर्तरी निघाली, म्हणजे आपली कात्री! तुमच्या सहकाऱ्याने कुर्त्स लिहिलं आणि तुम्ही ते कर्ट म्हणून वाचलंत.

कात्री कुठे लागली, तेही त्या ईमेलमध्ये दिसतं. त्याचा ‘अन्टिल’ बघा. गुरुवारपर्यंत एकदा पाठवून द्यायची गोष्ट असेल तर इंग्रजीत ‘बाय थर्सडे’ म्हणतात. ‘अन्टिल’ म्हणजे गुरुवार येईतो चालू राहणारी क्रिया. जर्मनमध्ये दोन्हींना एकच शब्द, ‘बिस’. म्हणजे वाक्य त्याच्या डोक्यात जर्मनमध्ये तयार झालं आणि इंग्रजीत उतरलं. जर्मन माणूस आज्ञार्थ मऊ करायला ‘बिट्ट’ म्हणतो, पण त्याशिवाय मध्ये ‘माल’सारखा छोटा शब्दही टाकतो. तो अगदी आपल्या ‘जरा’सारखा: ‘जरा पाठव ती शीट.’ या ‘माल’ला इंग्रजीत सोयीचा प्रतिशब्द नाही, म्हणून उतरवताना तो गळतो आणि मागे नुसता ‘सेंड मी’ उरतो. आपलंही हेच होतं. ‘पाठवाल का’ यातला आदर आपण क्रियापदाच्या टोकाला ठेवतो आणि इंग्रजी क्रियापदाला तसं टोकच नाही.

‘व्हाय’चं तर नागपूरकरांनी मुळीच वाईट वाटून घेऊ नये. आपण ‘काऊन नाही झालं?’ म्हणतो तेव्हा पुण्याचा पाहुणा दचकतो, त्याला ते झापणं वाटतं. आपण तर फक्त कारण विचारत असतो. तुमच्या सहकाऱ्याचा ‘व्हाय’ हा तोच काऊन आहे. त्याला कारण कळलं की तो पुढच्या कामाला लागतो.

व्यक्तिमत्त्व विकासाच्या वर्गात ‘प्लीज नसेल तर मेल रूड समजा’ असं शिकवतात. हे चूक आहे, आणि शिकवणाऱ्यांनी आतातरी थांबवावं. अमेरिकन लोक विनंतीत प्लीज ब्रिटिशांपेक्षा बरंच कमी वापरतात. त्यांच्या कानाला कधीकधी त्यात विनवणी किंवा घाई ऐकू येते. त्या नियमाने अर्धी अमेरिका उद्धट ठरेल. शिवाय या नियमाने खरा उद्धटपणा निसटून जातो, कारण तो बहुधा प्लीज लावून येतो.

माझा सिद्धांत असा: तुटकपणात शब्द कमी होतात, उद्धटपणात वाढतात. म्हणून ईमेलात काय नाही हे मोजू नका, कामाला नको असलेलं काय जास्तीचं घातलं आहे ते शोधा. हाच माणूस असं लिहिता तर: ‘डिअर मिस जोशी, अॅज आय हॅव ऑलरेडी रिटन, द शीट इज स्टिल मिसिंग. आय वुड हॅव एक्स्पेक्टेड धिस टु बी ऑब्व्हियस. प्लीज सेंड इट.’ इथे डिअर आहे, प्लीज आहे, आणि तरी हा ईमेल रागाचा आहे. ‘ऑलरेडी’, ‘स्टिल’, ‘ऑब्व्हियस’ हे तिन्ही शब्द काढले तरी शीट मागून होतेच. ते फक्त तुम्हाला खाली दाखवायला घातले आहेत. कालपर्यंत नावाने हाक मारणारा आज आडनावावर गेला, हीसुद्धा भरच. आणि सीसीमध्ये ज्याचा या शीटशी संबंध नाही असा तुमचा मॅनेजर अचानक आला असेल, तर ती सगळ्यांत मोठी भर.

तुमच्या दोन वाक्यांत असं काहीही नाही. प्रश्न रिपोर्टबद्दल आहे, तुमच्याबद्दल नाही. ‘व्हाय डिड यू नॉट’ असं असतं तर मी थोडा थांबलो असतो.

तरी एका ईमेलवर निकाल देऊ नये. त्याचे जुने ईमेल उघडा, विशेषतः त्याने स्वतःच्या देशातल्या लोकांना लिहिलेले आणि तुम्ही सीसीत असलेले. तिथेही असंच लिहीत असेल तर ती त्याची रीत. मात्र नव्या विषयाचा पहिला ईमेल पहिल्या ईमेलशीच ताडून बघा. एकाच साखळीत तिसऱ्या-चौथ्या उत्तराला हाय आणि रिगार्ड्स सगळ्यांचेच गळतात. भरीचे शब्दही नाहीत आणि रीतही अचानक बदललेली, असं निघालं तर ईमेलवरून कळणार नाही. तेव्हा फोन करा, पाच मिनिटांत आवाजावरून कळेल.

उत्तर लिहिताना त्याच्या ‘व्हाय’ला आधी उत्तर द्या, कारण तेच त्याने मागितलं आहे: ‘हाय, द शीट इज मिसिंग बिकॉज वी गॉट द मार्च फिगर्स ओन्ली धिस मॉर्निंग. आय विल सेंड इट बाय वेन्सडे इव्हनिंग.’ मार्चच्या जागी तुमचं खरं कारण घाला. ‘सॉरी फॉर द इन्कन्व्हीनियन्स’ आणि ‘काइंडली बेअर विथ अस’ गाळा. कारण न देता नुसती माफी मागितली तर तो पुन्हा ‘व्हाय’ विचारेल. आणि ‘बाय’ लिहा, त्याचा ‘अन्टिल’ उचलू नका.