क्लायंटला छोटी ॲनिमेशन मेलमधून कशी पटवू?

प्रश्न: अंधेरीच्या क्लायंटला ॲपची प्रत्येक स्क्रीन ८०० मिलिसेकंदांत 'रुबाबात' सरकायला हवीय. छोट्या मेलमध्ये कसं समजावू?

उत्तर: थिअरी नको, त्यांच्याच ॲपचा हिशोब मांडा. साधारण असं:

"नमस्कार सर,
किराण्याची एक ऑर्डर देताना ग्राहकासमोर सहा वेळा स्क्रीन बदलते. दर वेळी ८०० मिलिसेकंद दिले तर जवळपास पाच सेकंद नुसती सरकासरकी बघण्यात जातात. २५० दिले तर दीड. शिवाय सध्या कार्टची शीट ३०० मध्ये उघडते आणि अगदी तशीच दिसणारी फिल्टरची ६०० मध्ये, त्यामुळे फिल्टर अडकलाय असं वाटून पुन्हा टॅप होतो. म्हणून दोनच कालावधी ठरवूया: बटणं आणि टिकसाठी १५०, स्क्रीन आणि शीटसाठी २५०. ऑर्डर कन्फर्म झाल्याचं ॲनिमेशन मात्र मोठं राहू दे, ते शेवटी एकदाच दिसतं."

सोबत ८०० वालं आणि २५० वालं अशी दोन्ही बिल्ड पाठवा आणि लोकलमध्ये उभ्याने, एका हाताने ऑर्डर देऊन बघायला सांगा. व्हिडिओ कॉलवर स्क्रीन शेअर करून दाखवायच्या भानगडीत पडू नका. तिथे फ्रेम गळतात आणि २५० वालंही अडखळताना दिसतं.