सात-आठ जणांच्या मैफलीसाठी बोर्ड गेम भेट द्यायचा असेल तर

प्रश्न : आमचा सात-आठ मित्रमैत्रिणींचा गट महिन्यातून एकदा मुंबईत कुणाच्या तरी घरी जमतो. त्यातल्या दोघांना बोर्ड गेम आणि कोडी मनापासून आवडतात आणि दोघांचेही वाढदिवस जवळ आले आहेत. सर्वांना एकत्र खेळता येईल असे काय भेट द्यावे?

उत्तर : सर्वप्रथम खोक्यावर छापलेली खेळाडूंची संख्या पाहावी, कारण चांगले म्हणून नावाजलेले अनेक खेळ आपल्या गटासाठी तिथेच बाद होतात. उदाहरणार्थ, ‘कटान’चा मूळ संच तीन ते चार जणांसाठी असतो, आठ जण जमले तर निम्म्यांना नुसते बघत बसावे लागते. ज्या खेळांत दिवाळे निघालेला खेळाडू बाहेर पडतो, तेही अशा संध्याकाळी टाळावेत, कारण पहिल्या तासात बाद झालेला माणूस पुढे मोबाइल घेऊन कोपऱ्यात बसतो. मोठ्यांच्या गटाला दोन संघांत विभागणारा, दहा मिनिटांत समजावून सांगता येणारा आणि लोकल चुकल्यामुळे उशिरा आलेल्यालाही मध्येच सामावून घेणारा खेळ लागतो. या तिन्ही कसोट्यांवर माझ्या अनुभवात सर्वांत खरा उतरलेला खेळ म्हणजे ‘कोडनेम्स’. माझा सल्ला असा आहे की हा संच विकत घ्यावा आणि त्यासोबत स्वतः तयार केलेली मराठी शब्दांची पत्ती द्यावीत.

चेक खेळरचनाकार व्लादा ख्वातिल यांचा हा खेळ 2015 साली आला आणि 2016 मध्ये त्याला जर्मनीतला वर्षातील सर्वोत्तम खेळाचा पुरस्कार मिळाला. टेबलावर पाच बाय पाच अशी पंचवीस शब्दांची पत्ती मांडतात. प्रत्येक संघाचा एक स्पायमास्टर, म्हणजे सूचना देणारा खेळाडू, असतो आणि दोघा स्पायमास्टरांसमोर एकच छोटे की कार्ड उभे असते. त्यावर कोणता शब्द कोणत्या संघाचा, हे रंगांनी दाखवलेले असते : सुरुवात करणाऱ्या संघाचे नऊ शब्द, दुसऱ्याचे आठ, सात तटस्थ आणि एक मारेकरी. स्पायमास्टरने फक्त एक शब्द आणि एक आकडा बोलायचा. आकडा म्हणजे त्या सूचनेत किती शब्द बसतात ते. त्यावरून संघाने चर्चा करून एकेका पत्त्याला बोट लावायचे. तटस्थ किंवा प्रतिस्पर्ध्याचा शब्द निघाला तर पाळी संपते, आणि मारेकऱ्याला बोट लागले तर डाव तिथेच हरला.

मूळ संच इंग्रजी शब्दांचा आहे आणि इथेच आपल्याकडे अडचण येते. गटात एखाद-दोघांचे शिक्षण मराठी माध्यमात झालेले असते. त्यांना इंग्रजी शब्दाचा पहिला अर्थ माहीत असतो, पण दुसरा आणि तिसरा चटकन आठवत नाही, आणि हा खेळ तर त्या दुसऱ्या-तिसऱ्या अर्थावरच चालतो. मग ते गप्प बसतात आणि बाकीचे बोलतात. ‘कोडनेम्स पिक्चर्स’ हा वीस चित्रांवर खेळायचा संच या अडचणीवरचा तयार उपाय आहे आणि वेळ नसेल तर तो खुशाल द्यावा. परंतु मराठी शब्दांवर हा खेळ जितका रंगतो तितका चित्रांवर रंगत नाही, असे माझे मत आहे, कारण आपल्या भाषेत एका शब्दाला दोन-तीन अर्थ असणे ही नित्याची गोष्ट आहे.

शंभर पत्ती दोन्ही बाजूंनी, म्हणजे दोनशे शब्द, पुरेसे होतात. साधारण निम्मे शब्द अनेकार्थी घ्यावेत : घाट, पान, अंक, धार, कळ, रस, वात, माळ, पाट, तीर, पत्ता. मुंबईकरांच्या रोजच्या तोंडी असलेले इंग्रजी शब्दही सोडू नयेत. ‘पास’ रेल्वेचा असतो आणि परीक्षेतलाही, आणि ‘बस’ हे थांब्यावर येणारे वाहन असते आणि पाहुण्याला केलेला आग्रहही. उरलेले शब्द साधी नामे असू द्यावीत : किल्ला, पडदा, छत्री, नारळ, पहाट. सगळेच शब्द अनेकार्थी ठेवले तर सूचना कुठेही लागू पडते आणि तर्क करण्याची मजा जाते. समानार्थी जोड्या टाळाव्यात. ‘पाणी’ आणि ‘जल’ एकाच मांडणीत आले तर त्या दोघांना वेगळे करणारी सूचना देणे जवळजवळ अशक्य होते.

छपाईला देण्यापूर्वी एक चाचणी अवश्य करावी. शब्द साध्या चिठ्ठ्यांवर लिहून पंचवीस मांडावेत आणि त्यांतल्या कोणत्याही दोन-तीन शब्दांना जोडणाऱ्या सूचना शोधून पाहाव्यात. जो शब्द वारंवार मांडूनही दुसऱ्या कशाशीच जुळत नाही तो काढून टाकावा, आणि ‘घर’ किंवा ‘माणूस’ यांच्यासारखा जो सगळ्यांशीच जुळतो तोही काढावा.

मांडणी कशी चालते ते एका उदाहरणाने सांगतो. समजा, आपल्या संघाच्या शब्दांत अंक, वात, किल्ला आणि पडदा आहेत. स्पायमास्टर ‘दिवाळी, तीन’ असे म्हणू शकतो : दिवाळी अंक, पणतीतली वात आणि मुलांनी मातीचा केलेला किल्ला. परंतु त्याच मांडणीत ‘पहाट’ हा शब्द प्रतिस्पर्ध्यांचा असेल, तर दिवाळी पहाटेच्या गाण्यांना जाणाऱ्या गटाचे बोट किल्ल्याआधी पहाटेवर जाण्याचा संभव मोठा आहे. मग ‘अंक’ आणि ‘पडदा’ यांसाठी ‘नाटक, दोन’ म्हणणे अधिक सुरक्षित वाटते. तेव्हा पाहायचे ते हे की ‘मंदिर’ हा शब्द कुठे आहे. तो मारेकरी असेल तर दादरच्या शिवाजी मंदिरात नाटके पाहत मोठे झालेले लोक त्याला बोट लावतीलच, आणि डाव हातचा जाईल. समोरच्या माणसांच्या आठवणींत कोणता शब्द कशाशी बांधलेला आहे याचा असा अंदाज घेणे हाच या खेळाचा गाभा आहे, आणि तो आपल्या भाषेत खेळला की गटातले सगळेच त्यात सारख्या हक्काने उतरतात.

मराठीसाठी नियमांत दोन गोष्टी आधीच ठरवून त्या एका पत्त्यावर लिहून संचात ठेवाव्यात. पहिली गोष्ट विभक्तीची. सूचना मूळ रूपातच द्यायची असते. ‘समुद्र’ म्हणावे, ‘समुद्रावर’ किंवा ‘समुद्रातला’ म्हणू नये, कारण प्रत्ययातून एका शब्दात दोन शब्दांची माहिती जाते. नवे खेळाडू नकळत प्रत्यय लावतात आणि मग वाद होतो. दुसरी गोष्ट सामासिक शब्दांची. टेबलावर ‘पान’ उघडे असेल तर ‘पानगळ’ ही सूचना चालणार नाही, हे मूळ नियमाला धरूनच आहे. मात्र ‘रेल्वेपास’ किंवा ‘चहापाणी’ यांना एक शब्द मानायचे की दोन, असा प्रश्न पडला तर प्रतिस्पर्धी स्पायमास्टरला हळूच विचारावे आणि त्याचा निर्णय मान्य करावा.

आता प्रत्यक्ष पत्ती. संचातला एक पत्ता मापासाठी घ्यावा आणि त्याच मापाची पत्ती करावीत, कारण ओळखलेल्या शब्दावर लाल किंवा निळ्या रंगाचा तुकडा ठेवून तो झाकायचा असतो आणि पत्ता मोठा झाला तर शब्द डोकावत राहतो. पत्त्याच्या प्रत्येक बाजूवर तिचा शब्द दोनदा छापावा, एकदा सरळ आणि एकदा उलटा, म्हणजे टीपॉयच्या दोन्ही बाजूंना बसलेल्यांना मान वाकडी न करता वाचता येते. अक्षर ठसठशीत असावे. नाजूक टाइपात ‘घाट’ आणि ‘धाट’ दुरून सारखेच दिसतात. तीनशे जीएसएमचा जाड कागद घ्यावा. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रेहमान स्ट्रीटवर कागद आणि स्टेशनरीची दुकाने आहेत. शिवाय कोणत्याही डिजिटल प्रिंटवाल्याकडे कागद, छपाई आणि मशीनवरची कटिंग एकत्र होते. हाताने कात्रीने कापू नये, कडा असमान झाल्या की पत्ती पिसताना अडकतात. लॅमिनेशन करायचे असल्यास मॅट करावे. चकचकीत लॅमिनेशनवर दिव्याचा उजेड पडून शब्द दिसेनासा होतो. मुंबईच्या पावसाळ्यात कागदी पत्ती वाकतात, म्हणून सगळी पत्ती झिपच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुडीसह ठेवून द्यावीत.

संच विकत घेताना ऑनलाइन मिळणाऱ्या नकली प्रतींपासून सावध राहावे. किंमत इतरांपेक्षा फारच कमी असणे, खोक्यावर प्रकाशकाचे नाव नसणे, छपाई पुसट असणे आणि पत्ती हाताला पातळ लागणे या खुणा आहेत. संच उघडल्यावर की कार्डे आधी तपासावीत. त्यांवरचे लाल आणि निळे चौकोन संध्याकाळच्या पिवळ्या दिव्यात स्पष्ट वेगळे दिसले नाहीत, तर खेळच चालत नाही.

दुसऱ्या मित्राला कोडी अधिक प्रिय असतील, तर ‘एक्झिट’ मालिकेतली खोकी पाहावीत. परंतु ती चार जणांपर्यंतच असतात आणि त्यांतले साहित्य कापावे, दुमडावे, फाडावे लागत असल्याने एकच वेळा खेळता येतात. त्यामुळे आठ जणांसाठी दोन वेगवेगळी खोकी घेऊन दोन टेबलांवर चौघाचौघांनी एकाच वेळी सोडवायला बसणे हाच मार्ग उरतो. हजार तुकड्यांचे जिगसॉ मात्र अशा संध्याकाळसाठी देऊ नये. ते पूर्ण झाल्यावर साधारण सत्तर बाय पन्नास सेंटीमीटर जागा घेते, एका बैठकीत होत नाही, आणि दोन खोल्यांच्या घरात जेवणाचे टेबल कित्येक दिवस अडवून ठेवते. द्यायचेच असेल तर पाचशे तुकड्यांचे द्यावे आणि सोबत त्याच मापाचा प्लायवूडचा पातळ तुकडा द्यावा, म्हणजे अर्धवट चित्र उचलून पलंगाखाली सरकवता येते.

मराठी पत्ती छापताना वीस-पंचवीस कोरी पत्तीही कापून घ्यावीत आणि संचासोबत एक पेन ठेवावे. गटातले खास शब्द, म्हणजे कुणाचे टोपणनाव किंवा नेहमीच्या खानावळीचे नाव, लोक पहिल्याच डावानंतर त्यांवर लिहू लागतात.