पावडर नाही, भाकरी सुटली म्हणून पोट अडलंय

अरे, 3 दिवस पोट साफ नाही म्हणून लगेच प्रोटीन पावडर बदलू नकोस. आधी तुझं खाणं बघ: सकाळी 6 अंड्यांचा पांढरा भाग, दुपारी नुसतं चिकन, रात्री 2 स्कूप व्हे पावडर. यात चोथा जवळपास शून्य. पहिल्या वर्षी मीही असंच खायचो, अगदी खड्यासारखं घट्ट व्हायचं. दुपारी एक ज्वारीची भाकरी आणि वाटीभर मटकीची उसळ परत सुरू कर. उसळीत प्रोटीनही आहेच. संध्याकाळी बियांसकट पेरू खा. पण हळूहळू वाढव, एकदम केलंस तर गॅस धरतो. इसबगोल घेतलास तर वर पेलाभर पाणी हवंच, नाहीतर उलट आणखी अडतं. शौचाला रक्त दिसलं तर मात्र थेट डॉक्टरकडे जा.